इंडेक्स फंड निफ्टीच्या मागे नीट चालतोय का, हे कसे तपासावे?

समजा, कोथरूडमधल्या एका घरातून निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडात महिना १०,००० रुपयांची एसआयपी जाते. निफ्टीत एखाद्या बँकेचा वाटा १० टक्के असेल, तर फंड त्यातल्या सुमारे १,००० रुपयांचे त्या बँकेचे शेअर घेतो आणि उरलेले पैसे बाकीच्या ४९ कंपन्यांत त्यांच्या वाट्याप्रमाणे घालतो. भाव हलले की निर्देशांकातले वाटे बदलतात, पण फंडाकडे तेच शेअर असल्याने त्याचेही वाटे आपोआप बदलतात. खरेदी-विक्री करावी लागते ती मुख्यतः पैसे आल्या-गेल्यावर आणि मार्च व सप्टेंबरच्या अखेरीस निफ्टीतल्या कंपन्या बदलल्यावर.

फरक पडतो तो इथेच. फंडाच्या १,००० कोटींपैकी ५ कोटी रोख पडून असले आणि त्या दिवशी निफ्टी २ टक्के चढला, तर फंड ०.०१ टक्क्याने मागे राहतो. बाजार पडला तर तेवढाच पुढे. खर्चाचे मात्र तसे नाही, तो रोज थोडा थोडा कापला जातो आणि एकाच दिशेने ओढतो.

आता तपासणी. आधी फंडाच्या फॅक्टशीटमध्ये तुलना टीआरआयशी, म्हणजे लाभांश धरलेल्या निफ्टीशी, केली आहे ना ते पाहा. टीव्हीवर दिसणाऱ्या निफ्टीत लाभांश नसतो. त्याच्याशी तुलना केली, तर मागे पडलेला फंडही पुढे गेलेला दिसतो. ही चूक फार जण करतात.

मग ट्रॅकिंग डिफरन्स पाहा. वर्षात टीआरआय १२ टक्के आणि फंड ११.७ टक्के वाढला, तर हा फरक उणे ०.३ टक्के. खिशातून गेले ते एवढे.

ट्रॅकिंग एरर ही गोष्ट वेगळी आहे. फंड आणि निर्देशांक यांच्या परताव्यातला फरक किती चढउतार करतो, त्याचे ते प्रमाण विचलन. एक फंड दर महिन्याला नेमका ०.०२ टक्क्याने मागे राहिला, तर वर्षाचा तोटा सुमारे ०.२४ टक्के, पण एरर शून्य, कारण फरक कधी हललाच नाही. दुसरा एका महिन्यात ०.१० टक्क्याने पुढे, पुढच्या महिन्यात तेवढाच मागे. वर्षअखेर तोटा जवळजवळ नाही, तरी वार्षिक एरर महिन्याचा ०.१० गुणिले १२ महिन्यांचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.३५ टक्के. म्हणून नुसता एरर कमी बघून फंड निवडू नका.

सेबीने इंडेक्स फंडांसाठी वार्षिक एररची मर्यादा २ टक्के ठेवली आहे, पण निफ्टी ५० सारख्या सहज खरेदी-विक्री होणाऱ्या शेअरच्या फंडात तो त्याच्या कितीतरी खाली असायला हवा. तो अचानक वाढला, तर रोख रक्कम वाढली का आणि कंपन्या बदलल्या त्याच काळात वाढला का, हे फॅक्टशीटमध्ये शोधा. दोन फंडांची तुलना करताना वितरकाशिवाय थेट घेतलेल्या डायरेक्ट प्लॅनशी डायरेक्टच लावा. रेग्युलरमध्ये वितरकाचे कमिशन असल्याने फरक मोठा दिसणारच.