फ्रेंचमधला मुका ‘एच’ आणि लिएझाँचा सापळा

लिएझाँ म्हणजे काय ते तुम्हाला माहीत असेलच: एरवी मुकं असलेलं शेवटचं व्यंजन पुढे स्वर आला की जागं होतं. ‘ले’ अधिक ‘आमी’ म्हणजे ‘लेझामी’, मित्र. हा झ ‘झेरॉक्स’मधला. एलिझ्याँमध्ये उलट, ‘लॅ’मधला स्वरच गळतो आणि ‘लॅ आमी’चं ‘लामी’ होतं. इथवर कुणी अडकत नाही.

अडकतात ते ‘एच’पाशी. पहिल्याच आठवड्यात शिकवतात की फ्रेंचमध्ये एच उच्चारत नाहीत. ते खरंच आहे, पण अर्धंच. ‘ऑम’ (माणूस) या शब्दातला एच नसल्यातच जमा, म्हणून ‘लॉम’ आणि ‘लेझॉम’. ‘एरो’ (नायक) या शब्दातला एचही ऐकू येत नाही, पण तो भिंतीसारखा उभा असतो: एकवचनी ‘लॅ एरो’, अनेकवचनी ‘ले एरो’. इथे झ घातलात तर ‘लेझेरो’ होतं, म्हणजे शून्यं! नायकांची शून्यं करू नका. आणि घोळ इथेच संपत नाही. ‘एरोइन’ला भिंत नाही, तिथे ‘लेरोइन’, ‘लेझेरोइन’ असंच म्हणायचं.

अशा एचला ‘आश आस्पिरे’ म्हणतात. नाव ऐकून मराठी माणूस ‘ह’ काढतो, तो काढायचा नाही. दोन स्वर नुसते शेजारी ठेवायचे. यातले बरेच शब्द जुन्या जर्मानिक भाषांतून आलेले आहेत, ‘एन’ (द्वेष) आणि ‘ऑंत’ (लाज) त्यातलेच. पण ‘एरो’ ग्रीकमधून लॅटिनमार्गे आला, तरी भिंत आहेच. तेव्हा मूळ शोधून अंदाज बांधायचा आडमार्ग मला पटत नाही. शब्दकोश उघडा: असा शब्द फुली किंवा उच्चारापुढच्या छोट्या खुणेने दाखवलेला असतो. वहीत शब्द सुटा न लिहिता आर्टिकलसकट लिहा, ‘लॅ आरिको’ (घेवडा). घाईत फ्रेंच माणसंही ‘लेझारिको’ म्हणून जातात, पण ते चूकच धरलं जातं.

एक वाक्प्रयोग हळू म्हणून बघा: ‘माणसं आणि नायक’. ‘लेझॉम’, इथे झ हवाच. मग ‘ए’, म्हणजे आणि. मग ‘ले एरो’, इथे झ नको. ‘ए’च्या शेवटी लिहिलेला ‘टी’ मात्र कधीच जागा होत नाही, पुढे कुठलाही स्वर असो. ‘ए आन’ (आणि अ‍ॅन) याचं ‘एतान’ करू नका. ही चूक लगेच कानाला खटकते.

‘सगळं जोडून म्हणा, फ्रेंच वाटेल’ असं सांगणारे शिक्षक भेटतील. त्यांचं ऐकू नका. कवितेत आणि गाण्यात लिएझाँ जास्त होतात, त्यांवरून बोलणं शिकलात तर पुस्तकी ऐकू याल. घाबरू मात्र नका: ऐच्छिक जोड चुकली तर कुणी अडत नाही. नको तिथे जोडलेली मात्र ऐकणाऱ्याला थांबवते, म्हणून शंका असेल तिथे ऐच्छिक जोड सोडून द्या. ‘लेझामी’, ‘व्हुझावे’ (तुमच्याकडे आहे) आणि ‘आंनितालि’ (इटलीत) हे मात्र जोडायलाच हवेत. आणि ‘आं ऑलांद’ (हॉलंडमध्ये) म्हणताना तिथली भिंत आठवा.