सीएसएफची साखर एकटी वाचू नका! मेनिंजायटिसच्या रिपोर्टात या चुका टाळा

"मॅडम, पेशी आहेत थोड्या, पण साखर नॉर्मल आहे. व्हायरल धरू ना?" रात्रीच्या ड्युटीला लॅबच्या फोनवर हा प्रश्न इतक्या वेळा येतो, की समोरचा पुढे काय बोलणार हे मला आधीच पाठ असतं. साखर किती, ते तो सांगतो. रक्तातली किती होती, ते त्याला माहीत नसतं.

ढोबळ तक्ता सगळ्यांनाच येतो. पाठीतल्या पाण्यात मोठ्या माणसाच्या साधारण ५ पर्यंत पेशी चालतात, त्याही लिम्फोसाइट. प्रोटीन १५ ते ४५ मिलिग्रॅम आणि साखर रक्ताच्या साठ टक्क्यांच्या आसपास. जिवाणूंच्या मेनिंजायटिसमध्ये पॉलिमॉर्फ शेकड्यांनी, बऱ्याचदा हजारांनी येतात, प्रोटीन शंभराच्या वर चढतं आणि साखर कोसळते. व्हायरलमध्ये पेशी दहा-वीसपासून काहीशेपर्यंत, बहुतेक लिम्फोसाइट. प्रोटीन जरासं वाढलेलं, साखर शाबूत. बुरशीत लिम्फोसाइट, वाढलेलं प्रोटीन आणि उतरलेली साखर. टीबीतही चित्र जवळपास हेच, आणि मुंबईत टीबी विसरून चालत नाही. घोळ होतो तो हा तक्ता कुठे लागू पडत नाही, हे न कळल्यामुळे.

माझा सगळ्यात जास्त राग आहे तो सोबत रक्तातली साखर न पाठवण्यावर. एका हॉस्पिटलातली गोष्ट सांगते. पन्नाशीचे गृहस्थ, जुना मधुमेह, दोन दिवस ताप, डोकेदुखी, मग बरळायला लागले. पाणी किंचित गढूळ. पेशी ६४०, त्यात ८५ टक्के पॉलिमॉर्फ, प्रोटीन १८०, साखर ८२. रेसिडेंटचा हिशोब असा: ८२ म्हणजे नॉर्मल, आणि व्हायरलमध्येही सुरुवातीला पॉलिमॉर्फ दिसतात. दुसरं वाक्य पुस्तकात खरंच आहे, म्हणून तर तो ठाम होता. अँटिबायोटिक थांबवून फक्त ॲसायक्लोव्हिर ठेवायचं चाललं होतं.

मी म्हटलं, "सिस्टरना चार्ट बघायला सांगा, एलपीच्या वेळची ग्लुकोमीटरची शुगर किती लिहिलीय?" आकडा आला ३३६. भागाकार करा: ८२ भागिले ३३६, म्हणजे ०.२४. ०.४ च्या खाली गेलं की जिवाणूंचा संशय धरायचा. आता रक्तातली साखर फार चढलेली असली की हे प्रमाण तसंही खाली येतं, कारण साखर मेंदूकडे नेणारी वाहतूक एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. म्हणून मधुमेह्यात मी ०.३ पर्यंत थोडी सूट देते. पण ०.२४ त्या सुटीतही बसत नाही, आणि जोडीला पॉलिमॉर्फ अन् प्रोटीन उभे आहेतच. तोवर आमच्या टेक्निशियनने ग्रॅम स्टेन लावला होता. भाल्याच्या टोकासारखे, जोडीजोडीने बसलेले जांभळे गोळे. सेफ्ट्रियाक्सोन चालू राहिलं. दुसऱ्या दिवशी प्लेटवर न्यूमोकॉकस उगवला.

माझी सवय सांगते: एलपीच्या सामानातच ग्रे झाकणाची बाटली ठेवायची आणि रक्त कमरेत सुई घालण्याआधी काढायचं. पाण्यातली साखर रक्ताच्या मागे काही तास चालते. त्यामुळे सकाळची साखर सकाळच्या फॉर्मवरून उचलून संध्याकाळच्या पाण्याला जोडू नका. आणि पेशंट गुंगीत आहे म्हणून २५ टक्के डेक्स्ट्रोज नुकतंच ढकललं असेल, तर रक्त उसळतं, पाणी तिथेच राहतं आणि प्रमाण उगाच घसरलेलं दिसतं. फॉर्मवर तेवढं लिहा, आम्ही समजून घेऊ.

दुसरी चीड आणणारी गोष्ट म्हणजे वेळ. पॉलिमॉर्फ पाण्यात टिकत नाहीत. बाहेर ठेवलेल्या सॅम्पलमध्ये तासाभरात जवळपास एक तृतीयांश फुटून जातात, दोन तासांत निम्मे. लिम्फोसाइट मात्र बऱ्यापैकी तग धरतात. आता चित्र डोळ्यांसमोर आणा: उपनगरातलं नर्सिंग होम, पाचला टॅप, आठला पिकअपवाला पोरगा बॅग घेऊन लोकलमध्ये चढतो, चेंबरवर थेंब पडतो साडेदहाला. रिपोर्ट येतो: पेशी १५०, लिम्फोसाइट ६० टक्के. सगळे म्हणतात व्हायरल. त्या पाण्यात पाच वाजता काय होतं, ते साडेदहाला कोणीही सांगू शकत नाही. मी अशा रिपोर्टवर सॅम्पल मिळाल्याची वेळ लिहिते आणि टक्केवारीवर विसंबू नका अशी ओळ टाकते. लोकांना ती आवडत नाही. मोठ्या हॉस्पिटलातही मामा चहाला गेले म्हणून बाटली वॉर्डच्या टेबलावर पडून राहते. नळी खिशात घालून स्वतः जिना उतरा, त्यात कमीपणा नाही.

फ्रिजमध्ये ठेवलं तर पेशी जास्त टिकतात, म्हणून सगळ्याच नळ्या फ्रिजमध्ये ढकलू नका. कल्चरच्या नळीतला मेनिंगोकॉकस थंडीने मरतो.

रक्त मिसळलेला टॅप: साधारण ५०० ते १००० तांबड्या पेशींमागे एक पांढरी वजा करा. पण या वजाबाकीवर मेनिंजायटिस नाकारू नका.

क्लोराइड मागवणं बंद करा. कृपया.

राहिली बुरशी. इथे 'पेशी नाहीत म्हणजे काही नाही' हा समज घात करतो. एचआयव्ही असलेला पेशंट, सीडी४ शंभराच्या खाली, दोन-तीन आठवडे वाढत चाललेली डोकेदुखी. पाणी पाण्यासारखं स्वच्छ, पेशी ३, प्रोटीन ५२, साखर ४८. तक्त्याप्रमाणे जवळजवळ नॉर्मल. पण क्रिप्टोकॉकसला प्रतिकार करायला शरीरात पेशीच उरलेल्या नसतात, मग पाण्यात कुठून येणार? अशा पेशंटच्या फॉर्मवर एचआयव्ही लिहिलेलं नसेल तर आम्ही 'नॉर्मल' असं छापून मोकळे होतो आणि दोष लॅबचा. उघडतानाचा दाब २५ सेंटिमीटरच्या वर गेला होता, ही गोष्ट तर फॉर्मवर मी क्वचितच पाहिलीय. बहुतेकदा तो मोजलेलाच नसतो.

उलटी चूकही होते. चेंबरमध्ये यीस्ट गोल, चमकदार दिसतं आणि घाईत लिम्फोसाइट म्हणून मोजलं जातं. पेशींचे आकार लहानमोठे दिसले, एखादीला अरुंद मानेची कळी फुटलेली दिसली, की मोजणं थांबवा आणि फिरवलेल्या सॅम्पलच्या गाळाचा थेंब इंडिया इंकमध्ये घ्या. शाई इतकीच, की स्लाइडखाली छापील अक्षर वाचता यावं. काळ्या पार्श्वभूमीवर क्रिप्टोकॉकसभोवती स्वच्छ, कापल्यासारख्या कडेचं वलय दिसतं. लिम्फोसाइटभोवतीही कधी कधी उजेड असतो, पण त्याची कड विरघळलेली असते आणि आत कळी नसते. नव्या पोरांना दोन मिनिटांत उत्तर हवं असतं, म्हणून ती दोन फील्ड बघून 'निगेटिव्ह' लिहितात. मी पूर्ण कव्हरस्लिप फिरून बघते, आणि तरीही बुरशी कमी असली तर इंकमध्ये सुटते. म्हणून इंक निगेटिव्ह आली तरी संशय असेल तर क्रिप्टोकॉकल अँटिजेन लावाच. पट्टीची चाचणी आहे, दहा मिनिटांत रेषा दिसते, आणि तिला अनुभवी डोळे लागत नाहीत.