पळणं की घाईचं चालणं?

माझं ॲनिमेशनमधलं पात्र पळतच नव्हतं, घाईत चालत होतं. चालण्याची सायकल, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारी पावलांची चित्रं, मी फक्त वेगानं फिरवली होती. पहाटे सोलापूरच्या पार्क मैदानावर पळणाऱ्या मित्राचा स्लो मोशन व्हिडिओ काढला, तेव्हा चूक कळली. चालताना काँटॅक्टला, म्हणजे पुढचा पाय टेकतो तेव्हा, दोन्ही पाय जमिनीवर असतात आणि पासिंगला, म्हणजे एक पाय दुसऱ्याजवळून पुढे जातो तेव्हा, शरीर वर येतं. पळताना उलटं: पासिंगला गुडघा वाकून शरीर सर्वांत खाली, आणि हायला, म्हणजे शरीर सर्वांत वर असतं तेव्हा, दोन्ही पाय हवेत.

मग २४ फ्रेमच्या सेकंदात एका पावलाला ८ फ्रेम दिल्या. पहिल्यावर काँटॅक्ट, तिसऱ्यावर पासिंग, पाचव्यावर पायानं जमिनीला ढकल, सातव्यावर हाय, नवव्यावर दुसऱ्या पायाचा काँटॅक्ट. आधी हाय एकच फ्रेम टिकत होता, म्हणून पात्र नुसतं थरथरायचं. सहाव्या ते आठव्या फ्रेमपर्यंत हवेत ठेवल्यावर पळू लागलं!