ती निळी वडी नक्की कुठली? जुन्या जाहिराती ओळखताना या चुका टाळा

दांडिया बाजारातल्या आमच्या गणेशमंडळात एक संध्याकाळ जुन्या दूरदर्शनवरच्या जाहिराती ओळखण्याची असते. प्रश्न मी काढते. त्यामुळे लोक कुठे चुकतात हे दरवर्षी जवळून बघायला मिळतं. सूर बहुतेकांना बरोबर आठवतो, संवादही बऱ्यापैकी आठवतो. चुकतं ते उत्पादनाचं नाव, आणि तेही साबणाच्या जाहिरातींत सगळ्यात जास्त.

मागच्या वर्षीचाच वाद सांगते. माझ्या आत्यांनी वर्णन केलं: एक बाई वाण्याच्या दुकानात येते, दुकानदार तिचं सामान काढून ठेवतो, ती नेहमीची वडी बाजूला सारते आणि दुसरी निळी वडी मागते. शेवटी दुकानदार म्हणतो, "मानलं तुम्हाला!" आत्या ठामपणे म्हणाल्या, "रिन." मागच्या रांगेतल्या काकांनी "सर्फ, ललिताजी" असं सांगितलं. दोघांच्या बाजूने निम्मा निम्मा मांडव. दोन्ही उत्तरं चुकीची होती. ती जाहिरात निरमा सुपरची आहे.

पहिली चूक: आठवलेली ओळ मराठीत शोधणे

आपल्या बडोद्याच्या घरांत ही अडचण जरा जास्तच आहे. घरात मराठी, वाण्याकडे गुजराती, आणि राष्ट्रीय कार्यक्रमाआधीच्या जाहिराती हिंदीत. इतक्या वर्षांत ते वाक्य डोक्यात आपोआप मराठी होऊन बसतं आणि ते मराठीच होतं असं वाटायला लागतं. आत्यांचं "मानलं तुम्हाला" शोधून काहीच सापडत नव्हतं. त्याचं हिंदी केलं, "मान गये", आणि पुढचं आत्यांनाच आठवलं: "किसे?" "आपकी पारखी नज़र और निरमा सुपर, दोनों को." नाव त्याच वाक्यात होतं, अनुवादात तेवढंच गळलं होतं.

म्हणून कोणी ओळ सांगितली की मी आधी विचारते, "हे हिंदीत कसं म्हणायचे?" अर्थ सांगू नका, आवाज काढून दाखवा. नुसत्या अर्थावर शोधलं तर दहा साबण सापडतात. वाक्याची चाल धरून शोधलं तर एकच. शोधताना एकदा देवनागरीत आणि एकदा रोमन लिपीत टाइप करून बघा, कारण ज्यांनी चित्रफिती चढवल्या आहेत त्यांनी शीर्षकं कशीही लिहिली आहेत.

दुसरी चूक: भांडण लक्षात ठेवणे, बाजू विसरणे

मला ही सगळ्यात मोठी चूक वाटते, आणि हिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. त्या काळातल्या कपडे धुण्याच्या जाहिराती एकमेकींना उत्तर देत असत, पण समोरच्याचं नाव घेत नसत. निरमा अहमदाबादची, स्वस्त. सर्फ आणि रिन हिंदुस्तान लीव्हरच्या, महाग. निरमा घरोघरी पोहोचल्यावर सर्फला सांगावं लागलं की जास्त पैसे का द्यायचे. त्यासाठी लिंटास या जाहिरातसंस्थेत अ‍ॅलेक पदमसींनी ललिताजी उभी केली. ती भाजी घासाघीस करून घेते, पण सर्फ मात्र महाग असूनही घेते. तिचं म्हणणं असं की सस्ती चीज आणि अच्छी चीज यांत फरक असतो, आणि सर्फच्या खरेदीतच समजदारी आहे.

आता निरमा सुपरची बाई बघा. तीही दुकानात उभी आहे, तीही हिशोबी आहे, तीही दुकानदाराला समजावते. पण ती अगदी उलट बोलते: तीच सफेदी, तोच फेस कमी दामात मिळत असेल तर महागाची वडी का घ्यायची? चाळीस वर्षांनी डोक्यात उरतं ते एवढंच: एक शहाणी गृहिणी, दुकान, महाग-स्वस्ताची चर्चा. कोण महागाची वकील आणि कोण स्वस्ताची, हे पुसून जातं. शिवाय जिच्यावर टीका झाली तिचंच चित्र जास्त ठसतं, कारण ती वडीही पडद्यावर दिसलेली असते.

म्हणून मंडळात मी एकच प्रश्न टाकते: ती बाई जास्त पैसे देऊन खूश आहे की वाचवून खूश आहे? आत्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "वाचवून. दुकानदार म्हणतो ना, तुम्ही तर नेहमी ती महागवाली घेता." तिथेच रिन आणि सर्फ दोन्ही बाद झाले. रिनच्या बाजूने बोलणारी बाई रिनला महागवाली म्हणून बाजूला सारणार नाही.

हीच कसोटी दुसऱ्या एका ओळीलाही लावता येते. "भला उसकी कमीज़ मेरी कमीज़ से सफ़ेद कैसे?" ही ओळ लोक सर्रास निरमाला चिकटवतात, कारण सफेदी म्हटलं की निरमाचं गाणं ओठावर येतं. पण या वाक्यात पैशाचा उल्लेखच नाही. शेजाऱ्याशी तुलना आहे, आणि ती फक्त पांढरेपणाची. ती ओळ रिनची. निरमाच्या गाण्यात दुधासारखी सफेदी आहे, रंगीत कपडे खुलणं आहे, सगळ्यांची पसंती आहे, हेमा, रेखा, जया आणि सुषमा आहेत. शेजारणीचा हेवा नाही.

तिसरी चूक: रंगावर विसंबणे

"निळी वडी म्हणजे रिन" हे काकांनाही पटत होतं. रिनची वडी निळी असायची हे खरंच आहे. पण निरमा सुपरही निळीच होती, आणि जाहिरातीत ती "नीली डिटर्जेंट टिकिया" असं तोंडाने म्हटलेलं आहे. हा तपशील महत्त्वाचा. दूरदर्शनवर जाहिराती 1 जानेवारी 1976 पासून सुरू झाल्या, रंग आला 1982 मध्ये, पण त्यानंतरही कितीतरी वर्षं पुष्कळ घरांत कृष्णधवल संचच होता. आमच्याकडेही होता. म्हणजे त्या संचावर वडी करडी दिसली असणार. आत्यांना आठवणारा निळा रंग कानाने ऐकलेला होता किंवा मोरीवरच्या वडीवर पाहिलेला.

म्हणून आधी विचारा, तेव्हा घरी रंगीत टीव्ही होता का? नसेल तर त्या आठवणीतला पिवळा पावडर, हिरवा डबा, लाल साडी हा पुरावा धरू नका. शब्दात सांगितलेला रंग मात्र पक्का धरा. काही जाहिराती थिएटरात सिनेमाआधीही रंगीत बघितलेल्या असतात. लिरिलची धबधब्यातली जाहिरात 1975 च्या सुमाराची, म्हणजे रंगीत दूरदर्शनच्या बरीच आधीची. तिचा हिरवा रंग आठवत असेल तर तो टीव्हीवर पहिल्यांदा पाहिला असं धरून चालू नका.

चौथी चूक: नाव मिळालं की थांबणे

ब्रँडचं नाव मिळालं म्हणजे वस्तू मिळाली असं नाही. बजाजचंच बघा. एका बाजूला 1989 ची "हमारा बजाज", बुलंद भारताची बुलंद तसवीर, ती स्कूटरची. दुसरीकडे लहानपणीची शरारत आणि चोरी पकडली जाण्याचं गाणं, तेही बजाजचं. गेल्या वर्षी एकाने दोन्ही गाणी एकाच स्कूटरच्या जाहिरातीत घातली आणि हट्टाने सांगितलं की मध्ये म्हातारा स्कूटरवर बसतो. त्या दुसऱ्या गाण्यात चोरी पकडली जाते ती "जब रोशन होता बजाज", म्हणजे दिवा लागतो तेव्हा. ती बजाजच्या बल्बची जाहिरात. अशा वेळी गाण्यातलं क्रियापद पकडावं. रोशन होणारी वस्तू स्कूटर नसते.

विको टर्मरिकचं गाणं ऐकून लोक विको वज्रदंती सांगतात, तेही याच जातीचं. एक क्रीम, एक दात घासायचं. आणि "नहीं कॉस्मेटिक" हा शब्द गाण्यात उगीच आलेला नाही. अबकारी खात्याशी कंपनीचा वाद होता की ही क्रीम सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध, कारण करआकारणी त्यावर ठरत होती. तो शब्द ऐकू आला की क्रीमच, वज्रदंती नव्हे.

पाचवी चूक: सापडलेल्या चित्रफितीचं शीर्षक खरं मानणे

शीर्षकात "1985" लिहिलेलं असतं आणि कोपऱ्यात एखाद्या खासगी वाहिनीचं चिन्ह दिसतं. झी टीव्ही 1992 मध्ये आली. त्या चिन्हावरून ती फीत साधारण कधी मुद्रित केली एवढं कळतं, जाहिरात कधी बनली ते नाही. शीर्षकाऐवजी शेवटच्या चार-पाच सेकंदांकडे बघा, तिथे पाकीट दाखवतात. पाकिटावर हिंदुस्तान लीव्हर वाचता आलं तर ते 2007 च्या आधीचं, कारण त्या वर्षी कंपनीचं नाव बदललं. निरमाच्या गाण्याच्या तर कित्येक आवृत्त्या आहेत. गाणं तेच, मुली वेगळ्या. कुठली आवृत्ती आठवते आहे ते विचारल्याशिवाय वर्ष सांगू नये.

चेहऱ्याचंही तसंच. ललिताजी झालेल्या कविता चौधरी पुढे "उडान" मालिकेत पोलीस अधिकारी म्हणून घराघरात पोहोचल्या. त्यामुळे काही जण म्हणतात की ती जाहिरात "उडान"नंतरची. क्रम उलटा आहे, आधी सर्फ.

एक प्रश्न मी पूर्वी विचारत नसे, आणि या वादानंतर विचारायला लागले. आत्यांना निरमा सुपरची फीत दाखवली, त्यांनी शेवटपर्यंत पाहिली, पटलंही. मग मी विचारलं, "आत्या, तेव्हा आपल्या मोरीवर कुठली वडी असायची?" त्या लगेच म्हणाल्या, "रिन. तुझी आजी दुसरी आणूच द्यायची नाही."