साम्यांची यादी नको: ‘ययाति’तला महाभारताचा पडसाद निबंधात कसा दाखवावा

खांडेकरांच्या ‘ययाति’वर (१९५९) आंतरसंहितात्मकतेचा निबंध लिहायचा, तर कादंबरी वाचून झाली आहे असं धरून चालते. मूळ कथा मात्र आठवणीवर किंवा टीव्हीवरच्या मालिकेवर सोडू नका. ती महाभारताच्या आदिपर्वात आहे. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून मी भाषांतरातून तिची टिपणं काढली होती. एका दुपारचं काम आहे.

साम्यं दोन वाक्यांत उरका: शुक्राचार्यांचा शाप, अकाली म्हातारपण, पुरूने दिलेलं तारुण्य.

खरी अडचण पुढे आहे. एम.ए.ला असताना मी दोन रकाने आखून ‘मुळात असं, कादंबरीत तसं’ असे बारा फरक मांडले होते. बाईंनी समासात एकच शब्द लिहिला: ‘मग?’ त्याचं उत्तर सापडायला मला महिना लागला. फरक मोजणं म्हणजे विवेचन नव्हे. एकच फरक धरा आणि त्याने कथेचा अर्थ कुठे वळला, ते तळापर्यंत खणा.

मी कथा कोण सांगतं, हा फरक धरला. आदिपर्वात वैशंपायन ती जनमेजयाला सांगतात, आणि जनमेजय पुरूच्याच वंशातला. म्हणून तिथे वारसाला वजन आहे. थोरला यदु असताना धाकट्या पुरूला गादी का, असं प्रजाही ययातीला विचारते. पुरूने बापाचं ऐकलं, हे त्याचं उत्तर. खांडेकर मात्र ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांना स्वतःच बोलायला लावतात. मग गादीचा प्रश्न मागे पडतो आणि कोण किती चुकलं, हा पुढे येतो. निबंधात मी असं लिहीन: ‘वैशंपायनाचा ययाति एका राजाचा पूर्वज आहे. खांडेकरांचा ययाति स्वतःच्या तोंडाने कबुली देतो, आणि त्याच्या शेजारीच देवयानीचीही बाजू उभी असते.’

इथे एक चूक हमखास होते: ‘महाभारतात देवयानीला आवाजच नाही.’ साफ खोटं. ती कचाशी वाद घालते, बापाला नमवते. तिच्याकडे नाही ते निवेदन. हा भेद पुसला, तर मूळ ग्रंथ वाचलेला परीक्षक पुढचं काही मानणार नाही.

लिहून झालं की परिच्छेदातला महाभारताचा उल्लेख खोडून पाहा. मुद्दा तरीही जसाच्या तसा उभा राहिला, तर तुम्ही पडसाद दाखवलेलाच नाही. पुन्हा लिहा.

कचाचा मोह होईल. आदिपर्वात शाप-प्रतिशापानंतर तो देवांकडे परततो आणि या कथेतून जातो. कादंबरीत तो पुढेही येत राहतो. फरक मोठा आहे, पण तो घ्यायचा तर निवेदनाचा मुद्दा सोडा. चार पानांत दोन्ही मावत नाहीत.