‘ओत्सुकारेसामा देस’ कुणाला म्हणायचं आणि कुणाला नाही

परवा लिफ्टपाशी शेजारच्या टीममधले काका तुला ‘ओत्सुकारेसामा देस’ म्हणाले आणि तू घाईघाईने ‘दाइजोबु देस’, म्हणजे ‘मी ठीक आहे’, म्हणालास. त्यांना ते कळलंच नाही. तुला वाटलं, त्यांनी ‘दमलास का’ असं विचारलं. पुण्याच्या जपानीच्या क्लासमध्ये तुला शब्दाचा अर्थ तसाच शिकवला असणार, आणि तो चूकही नाही. ‘त्सुकारेरु’ म्हणजे दमणं, आणि त्याच्या मागेपुढे आदराचे ‘ओ’ आणि ‘सामा’ लागलेत. पण इथे तुझ्या दमण्याची चौकशी कुणी करत नसतं. गावाकडे रस्त्यात भेटलेला माणूस ‘झालं का जेवण?’ म्हणतो, तसंच हे. ‘तूही कामात आहेस, मीही कामात आहे, आपण एकाच घरचे’ एवढं त्यातून पोचतं. उत्तर म्हणून तेच परत म्हणायचं, मान किंचित झुकवून. थांबायचं नाही, हसून गप्पा सुरू करायच्या नाहीत.

उच्चाराची काळजी करू नकोस. ‘त्सु’ आपल्याला जन्मतःच येतो, ‘चूल’मधला ‘च’ म्हणजे तोच. फक्त त्यातला ‘उ’ जवळजवळ गिळायचा आणि शेवटचं ‘देसु’ ‘देस’ असं तोडायचं.

सकाळी मात्र हे नाही. सकाळी ‘ओहायो गोझाइमास’. साधारण दहा-अकरानंतर, एकदा सगळे कामाला लागले की कॉरिडॉरमध्ये, पॅन्ट्रीत, झेरॉक्स मशीनपाशी, ऑनलाइन मीटिंगला जॉइन होताना, ऑफिसमधल्याच कुणाला फोन लावताना, सगळीकडे ‘ओत्सुकारेसामा देस’. एकाच माणसाला दिवसात चारदा भेटलास तर चारदा म्हटलं तरी चालतं. तिसऱ्या-चौथ्या वेळी नुसती मान हलवली तरी पुरे.

आता संध्याकाळ. इथे आपली बरीच मंडळी चुकतात. आपल्याकडे ‘चला, निघतो’ म्हणून बॅग उचलली की झालं, आणि काहीजण तर तेही न म्हणता सटकतात, कारण वाटतं की बाकीचे कामात आहेत, कशाला त्रास द्या. जपानी टीममध्ये असं गुपचूप जाणं फार खटकतं. निघताना खुर्ची आत सरकवायची, आजूबाजूच्या टेबलांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात ‘ओसाकि नि शित्सुरेइ शिमास’ म्हणायचं, म्हणजे तुमच्याआधी निघतोय, माफ करा. मग मागे राहिलेले ‘ओत्सुकारेसामा देशिता’ म्हणतील. बरेचजण स्क्रीनवरून नजरही न काढता म्हणतील. त्याचा राग मानू नकोस, त्यात तुसडेपणा नसतो. दुसरा कुणी तुझ्याआधी निघाला की ‘देशिता’ म्हणायची पाळी तुझी. ‘ओसाकि नि’ हे फक्त निघणाऱ्याचं वाक्य आहे, बसलेल्याने म्हणायचं नाही.

‘देस’ आणि ‘देशिता’ यांतला फरक एवढाच की दुसऱ्यात काम संपलेलं असतं. मीटिंग संपली, रिलीज झालं, दिवस संपला, तर देशिता. दुपारी तीनला साहेब समोरून येताना ‘देशिता’ म्हणालास तर त्यांचा दिवस तूच संपवल्यासारखं होतं.

वरच्या माणसाला चालतं का, हे तू विचारलं होतंस. चालतं. चालत नाही ते ‘गोकुरोसामा’. ते साहेबाने हाताखालच्याला म्हणायचं, उलट नाही. खुद्द जपानी लोकांचाही यात गोंधळ होतो. इथल्या सांस्कृतिक खात्याने २००५ च्या सुमारास भाषेच्या वापराबद्दल पाहणी केली होती. एकत्र काम संपल्यावर वरच्या हुद्द्याच्या माणसाला काय म्हणता, असं विचारल्यावर सुमारे ६९ टक्के लोकांनी ‘ओत्सुकारेसामा’ सांगितलं आणि सुमारे १५ टक्क्यांनी ‘गोकुरोसामा’. त्या १५ टक्क्यांत तू जाऊ नकोस. परक्याला कुणी हसून माफ करतं, पण साहेबाच्या मनात बारीकसा खडा राहतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मी दरवेळी नव्या माणसाला सांगते. ‘ओत्सुकारेसामा’ हा शब्द ऑफिसच्या आतला आहे. ग्राहकाला म्हणायचा नाही, लिहायचा तर अजिबात नाही. आपल्यातले जुने लोक नव्यांना ‘दिवसभर ओत्सुकारे म्हणत राहा, बाकी काही लागत नाही’ असं सांगतात. हा सल्ला नुकसान करतो. एका मुलाचं उदाहरण सांगते. तो टीममधल्यांना रोज मेल करायचा, वरती ‘ओत्सुकारेसामा देस’ ही ठरलेली ओळ:

`お疲れ様です。`

मग त्याला ग्राहकाला पहिला स्वतंत्र मेल पाठवायला सांगितलं. त्याने आतल्या मेलची प्रत काढली, नाव आणि मजकूर बदलला, वरची ओळ तशीच राहिली. ग्राहकाकडून एक शब्द आला नाही. पण पुढचे मेल त्याला सोडून थेट मॅनेजरला यायला लागले, आणि मॅनेजरने त्याला बाजूला घेऊन विचारेपर्यंत त्याला काही पत्ताच नव्हता. इथे समोरचा चूक दाखवत नाही. उत्तराचा सूर एकदम औपचारिक झाला किंवा तुला सीसीतून वगळलं, तर समजायचं की काहीतरी बिनसलंय. ग्राहकासाठी ओळ ही:

`いつもお世話になっております。`

‘इत्सुमो ओसेवा नि नात्ते ओरिमास’, नेहमी तुमचा आधार असतो, अशा अर्थाची. मेल असो वा बाहेरचा फोन, सुरुवात हीच. दोन टेम्प्लेट वेगळ्या फाइलमध्ये ठेव, एकातून दुसरा कॉपी करू नकोस.

मात्र तुला ग्राहकाच्याच ऑफिसात बसवलं तर? आयटीत हे सारखं होतं. तिथे रोज एका मजल्यावर बसणारी मंडळी कंपनी कुठलीही असली तरी एकमेकांना ‘ओत्सुकारेसामा देस’ म्हणतात, आणि ते योग्यच आहे. पण पहिले दोन-तीन दिवस तू आधी म्हणू नकोस. तिथले लोक तुला म्हणतात का ते बघ. म्हणाले तर बिनधास्त म्हण. मेलमध्ये मात्र तुझ्या कंपनीतल्या वरिष्ठाला विचारल्याशिवाय बदल नको.

सफाईच्या मावशींना, रात्रीच्या सिक्युरिटीवाल्याला हेच म्हणायचं. आपल्यातले बरेचजण त्यांच्यासमोरून मान खाली घालून जातात. ते बघून मला वाईट वाटतं, कारण हा शब्द हुद्दा न बघता दिला जातो, हेच मला इथलं सगळ्यात आवडतं.

शेवटचं, नोमिकाईचं, म्हणजे ऑफिसनंतरच्या पार्टीचं. पहिला ग्लास उचलताना कुणीतरी ‘ओत्सुकारेसामा देस, कान्पाइ’ म्हणेल. तू दारू घेत नसलास तर उलाँग चहाचा ग्लास उचल, पण सगळ्यांबरोबर उचल आणि कान्पाइच्या आधी घोट घेऊ नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब दिसले की ‘ओहायो’ झाल्यावर ‘किनो वा आरिगातो गोझाइमाशिता’ म्हण, काल रात्रीबद्दल आभार. त्यांनी बिल भरलं असेल तर हे त्याच सकाळी, पहिल्या भेटीत म्हणायचं. दुपारपर्यंत ठेवू नकोस.