प्रमाणपत्राची खालची चौकट छापली जात नव्हती, त्यावरचा उपाय

सोसायटीच्या चित्रकला स्पर्धेची प्रमाणपत्रे वर्डमध्ये तयार केली, तेव्हा पडद्यावर पूर्ण दिसणाऱ्या चौकटीची खालची रेघ छापील कागदावर मात्र येत नव्हती. कागद पुढे सरकवणाऱ्या रुळांना तो धरून ठेवावा लागत असल्यामुळे प्रिंटर कडेपर्यंत छापू शकत नाही, आणि इंकजेटमध्ये ही कोरी पट्टी बहुधा खालच्या बाजूला सर्वांत रुंद असते. पूर्ण पान फिक्या करड्या रंगाने भरून छापले आणि उरलेली पांढरी कड पट्टीने मोजली, तर ती खाली सुमारे १२ मिलिमीटर भरली.

वर्ड चौकटीचे अंतर कागदाच्या कडेपासून २४ पॉइंट, म्हणजे जेमतेम साडेआठ मिलिमीटर धरतो. ते जास्तीत जास्त ३१ पॉइंट करता येते, पण तेही अकरा मिलिमीटरच्या आतच राहते, त्यामुळे नुसता आकडा वाढवून काम भागले नसते. म्हणून Page Borders मधील Options उघडून Measure from येथे Text निवडले, Surround footer ची खूण काढली (ती राहिल्यास चौकट तळटिपेच्या जागेलाही वेढून पुन्हा खाली उतरते) आणि खालचा समास २० मिलिमीटर ठेवला. मजकुरापासून १० पॉइंट अंतरावरची रेघ आता कडेपासून साधारण साडेसोळा मिलिमीटरवर उमटते. जाड नक्षीची चौकट असेल, तर समास आणखी वाढवावा.